लक्ष्मीपूजनाची चुकलेली तारीख

आम्ही ठाण्याला राहतो. मी आणि माझा पुतण्या मिळून सणावारांचे व्हिडिओ करतो. पूजेची मांडणी, नैवेद्य, साहित्याची यादी असं मी सांगते आणि चित्रीकरण, जोडणी तो करतो. 2024 च्या दिवाळीत आमच्याकडून लक्ष्मीपूजनाची तारीख चुकली. ती कशी चुकली आणि आता आम्ही काय करतो, ते सांगते. असे व्हिडिओ करणाऱ्या कुणावर ती वेळ येऊ नये.

व्हिडिओ 24 ऑक्टोबरला टाकला. चौरंग कसा मांडायचा, केरसुणीची पूजा, लाह्या-बत्तासे, सगळं नीट झालं होतं. सुरुवातीलाच मी म्हटलं होतं, "यंदा लक्ष्मीपूजन गुरुवारी, 31 ऑक्टोबरला आहे." ही तारीख मी दोन हिंदी व्हिडिओंवरून घेतली होती. दोन्हीकडे एकच तारीख होती, केंद्र सरकारची दिवाळीची सुट्टीही 31 लाच होती. मला वाटलं, तीन ठिकाणी पाहिलं म्हणजे तपासलं. स्वयंपाकघरात खिळ्याला पंचांग लटकत होतं. ते मी उघडलं नाही.

धनत्रयोदशीला, 29 तारखेला, आमच्या गुरुजींचा फोन आला. त्यांच्या एका यजमानांनी त्यांना व्हिडिओ पाठवला होता.

"ताई, तारीख कुठून घेतलीत?"

मी सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "आपल्याकडे शुक्रवारी आहे, एक तारखेला. घरातलं पंचांग काढा आणि माझ्याशी बोलत बोलत वाचा."

मी पंचांग काढलं. 31 ऑक्टोबरच्या चौकोनात तिथी होती चतुर्दशी, 1 नोव्हेंबरच्या चौकोनात अमावास्या. गुरुजी म्हणाले, "चौकोनात असते ती सूर्योदयाची तिथी. तेवढ्यावर सण ठरत नाही. तिथी संपते कधी ते बघा." चतुर्दशी 31 ला दुपारी 3 वाजून 52 मिनिटांनी संपत होती. म्हणजे अमावास्या तिथून लागत होती आणि 1 तारखेला संध्याकाळी 6 वाजून 16 मिनिटांनी संपत होती.

मग त्यांनी मला नियम सांगितला. लक्ष्मीपूजनाला अमावास्या प्रदोषकाळी हवी. प्रदोष म्हणजे सूर्यास्तानंतरचे साधारण अडीच तास. 31 ला संध्याकाळी अमावास्या होतीच. 1 तारखेला मुंबई-ठाण्याचा सूर्यास्त 6 वाजून 5 मिनिटांच्या सुमाराला होता, म्हणजे त्याही संध्याकाळी अकरा मिनिटं का होईना, अमावास्या होती. दोन्ही दिवशी प्रदोषाला अमावास्या मिळाली तर दुसरा दिवस घ्यावा, असं आपल्याकडचे पंचांगकर्ते मानतात. म्हणून दाते पंचांगात 1 नोव्हेंबर दिला होता. राज्य सरकारची लक्ष्मीपूजनाची सुट्टीही त्याच दिवशी होती.

"मग 31 सांगणारे चूक आहेत का?" मी विचारलं.

"त्यांच्याकडच्या विद्वानांनी ग्रंथांचा वेगळा अर्थ लावलाय," गुरुजी म्हणाले. "दुसऱ्या दिवशी प्रदोषात अमावास्या निदान एक घटिका, म्हणजे चोवीस मिनिटं, तरी हवी असं काही जण म्हणतात. त्या वादात तुम्ही पडू नका. तुमचे प्रेक्षक कोण आहेत ते बघा. मराठी घरांसाठी सांगताय, तर मराठी पंचांगाची तारीख सांगा."

हे माझ्या तोपर्यंत लक्षातच आलं नव्हतं. मी तीन ठिकाणी पाहिलं होतं, पण ती तिन्ही ठिकाणं एकाच बाजूची होती. एकाच विहिरीचं पाणी तीन घागरींत भरून मी चव जुळते म्हणत होते.

त्या रात्री आम्ही दुरुस्तीला बसलो. तेव्हा कळलं की यूट्यूबवर टाकलेल्या व्हिडिओची फाइल काढून त्याच दुव्यावर दुसरी ठेवता येत नाही. शीर्षक बदलता येतं, खालचा मजकूर बदलता येतो आणि चुकीचा भाग कापून टाकता येतो. पण मी "31 ऑक्टोबर" चार वेळा बोलले होते. एकदा तर हातात समई धरून, मांडणीच्या मधोमध. तो भाग कापला असता तर पूजाच तुटली असती. शेवटी व्हिडिओ काढून घेतला आणि दोन मिनिटांचा नवा केला. त्यात सरळ सांगितलं, "मी चुकीची तारीख सांगितली होती. महाराष्ट्रात लक्ष्मीपूजन शुक्रवारी, 1 नोव्हेंबरला आहे."

पण पुतण्यानं आधीच्या व्हिडिओचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा व्हॉट्सॲपवर दिला होता. तो किती गटांत गेला होता, कुणास ठाऊक. तो परत आणायचा मार्ग नव्हता.

आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक आजी एकट्या राहतात. त्यांनी तो तुकडा पाहिला होता, दुरुस्ती पाहिली नव्हती. त्यांचा मुलगा पुण्याहून 1 तारखेला सकाळी येणार होता, पूजा दोघांनी मिळून करायची म्हणून. आजींनी आदल्या संध्याकाळी एकटीनंच पूजा उरकली. "तू सांगितलंस ना गुरुवारी, म्हणून केली बाई," त्या मला म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. गुरुजींनी त्यांना सांगितलं की शुक्रवारी पुन्हा दिवा लावा, मुलासोबत पूजा करा, काही बिघडत नाही. त्यांनी तसं केलंही. पण आदल्या संध्याकाळी त्या एकट्या पूजेला बसल्या होत्या, ते माझ्या शब्दावर. त्या दिवाळीत मला फराळ गोड लागला नाही.

पाडव्यानंतर मी एक शंभर पानी वही घेतली. पहिल्या पानावर चुकलेली तारीख लिहिली आणि तिच्याखाली, ही चूक आधीच कशानं दिसली असती, ते लिहिलं.

एक खूण तर समोरच होती. दिवाळीचे दिवस एकामागून एक येतात. 31 ला पहाटे अभ्यंगस्नान होतं आणि 2 नोव्हेंबरला पाडवा. लक्ष्मीपूजन 31 ला धरलं तर 1 तारखेला काहीच उरत नव्हतं. अभ्यंगस्नान आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी येणं आपल्याला नवीन नाही, पुष्कळ वर्षी येतं, म्हणून मला खटकलं नाही. मी पुढच्या पाडव्याची तारीख शेजारी मांडली असती तर मधली मोकळी जागा दिसली असती. आता कुठल्याही सणाची तारीख मी एकटी लिहीत नाही. आधीचा आणि नंतरचा सण सोबत लिहिते.

दुसरी गोष्ट नागपूरच्या जाऊबाईंमुळे कळली. तिनं विचारलं, "ताई, तुम्ही अमावास्या सव्वासहापर्यंत सांगितली, ती आमच्याकडेही तेवढीच का?" हो, तेवढीच. तिथी संपण्याचा क्षण भारतभर घड्याळात एकच असतो. सूर्यास्त मात्र बदलतो. त्या दिवशी नागपूरचा सूर्यास्त 5 वाजून 38 मिनिटांच्या सुमाराला होता, आमच्यापेक्षा जवळजवळ अर्धा तास आधी. म्हणून प्रदोषकाळ, चंद्रोदय, मध्यान्ह अशा वेळा सांगताना गावाचं नाव घ्यावंच लागतं. संकष्टीचा चंद्रोदय तर याचं रोजच्या अनुभवातलं उदाहरण. मुंबईची वेळ नागपुरात सांगितली तर तिथली माणसं विनाकारण उपाशी राहतात.

तिसरी गोष्ट नणंदेची. ती न्यू जर्सीला असते. तिनं माझी दुरुस्ती पाहून 1 तारखेच्या संध्याकाळी पूजा केली. नंतर आम्ही हिशेब केला. तेव्हा तिच्या घड्याळात आणि आपल्या घड्याळात साडेनऊ तासांचं अंतर होतं. आपल्याकडे संध्याकाळी 6:16 ला संपलेली अमावास्या तिच्याकडे 1 तारखेला सकाळी 8:46 लाच संपली होती. तिच्या गावात संध्याकाळची अमावास्या फक्त 31 ला होती. म्हणजे ठाण्यात चुकीची ठरलेली तारीख तिथे बरोबर होती. तेव्हापासून मी परदेशातल्या माणसांना तारीख सांगत नाही. व्हिडिओतच म्हणते की ही तारीख महाराष्ट्रासाठी आहे, परदेशी असाल तर तुमच्या गावाचं पंचांग पाहा.

2025 च्या जुलैत वहीचा पहिला उपयोग झाला. पुतण्यानं श्रावणी सोमवारांची यादी आणली, पहिला सोमवार 14 जुलै. मी आधीचा सण शेजारी लिहायला गेले. आपल्याकडे श्रावणाआधी दिव्यांची अवस येते आणि ती 24 जुलैला होती. मग 14 ला श्रावण कसा? यादी उत्तरेकडची होती. तिकडे महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. त्यामुळे त्यांचा श्रावण आपल्याआधी पंधरा दिवस सुरू होतो. आपला श्रावण 25 जुलैला लागला आणि पहिला सोमवार 28 ला आला. महिन्याचं नाव सारखं असलं तरी दिवस सारखे नसतात, हे मी वहीत लाल पेनानं लिहिलं.

मग गणपती आले. 27 ऑगस्ट 2025 ची चतुर्थी आम्ही पूर्ण वहीवर मांडली. ती कशी मांडली ते सांगते, म्हणजे कुणालाही करून बघता येईल.

गणेश चतुर्थीला तिथी मध्यान्हकाळी हवी. सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेचे पाच सारखे भाग केले की तिसरा भाग म्हणजे मध्यान्ह. मुंबईचा सूर्योदय 6:22 आणि सूर्यास्त 6:57 धरला. दिवस झाला 755 मिनिटांचा. पाचानं भागलं, एक भाग 151 मिनिटांचा. पहिले दोन भाग म्हणजे 302 मिनिटं, ती सूर्योदयात मिळवली की 11:24. तिथून एक भाग पुढे गेलं की 1:55. हा मुंबईचा मध्यान्ह.

आता तिथी. चतुर्थी 26 ला दुपारी 1:54 ला लागत होती आणि 27 ला दुपारी 3:44 ला संपत होती. 26 ला मध्यान्ह संपता संपता चतुर्थी लागत होती. 27 ला मात्र पूर्ण मध्यान्हभर चतुर्थी होती. म्हणून 27. आदल्या दिवशी हरितालिका, तीही जुळली. छापील पंचांगातही तेच होतं.

पुतण्याच्या मोबाइलमधलं ॲप मात्र मुहूर्त 11:05 पासून दाखवत होतं. आधी त्याला वाटलं, माझंच गणित चुकलं. मग त्यानं ॲपमधलं गाव पाहिलं. ते दिल्ली होतं. मुळात तसंच असतं आणि आपण बदललं नाही तर तसंच राहतं. ठाणे निवडल्यावर वेळ आमच्या आकड्यांवर आली. आता मोबाइलवर काही पाहायचं तर पहिली नजर गावाच्या नावावर जाते.

त्या व्हिडिओत मी मुहूर्ताची वेळ सांगणार होते, पण गुरुजींनी थांबवलं. म्हणाले, "11:24 च्या आधी मूर्ती बसवलीच नाही पाहिजे, असं ऐकणाऱ्याला वाटेल. घरच्या गणपतीला तेवढं बंधन नाही. पहाटेपासून मध्यान्ह संपेपर्यंत कधीही प्राणप्रतिष्ठा करा, असं सांगा." मी तसंच सांगितलं. वेळ बरोबर असली तरी ती कशासाठी आहे हे न सांगता दिली, तर माणसं उगाच धावपळ करतात.

गणपती नीट पार पडले आणि मला वाटायला लागलं की आता मला जमतंय. तिथेच दुसऱ्यांदा चूक व्हायची वेळ आली.

2025 ची दिवाळी. अमावास्या 20 ऑक्टोबरला दुपारी 3:44 ला लागत होती आणि 21 ला संध्याकाळी 5:54 ला संपत होती. मी वही काढली. नियम माहीत होता, प्रदोषाला अमावास्या. मुंबईचा 21 चा सूर्यास्त 6:11 चा. म्हणजे 21 ला सूर्यास्ताच्या सतरा मिनिटं आधीच अमावास्या संपत होती. माझ्या हिशेबानं लक्ष्मीपूजन 20 ला आलं. हिंदी व्हिडिओही 20 च सांगत होते. मी संहितेत 20 लिहिलं.

वहीतला पुढचा रकाना होता, छापील पंचांग काय म्हणतं. पंचांगात होतं 21.

मी पंचांग तीनदा वाचलं. मग आधीचा आणि नंतरचा सण मांडला. 20 ला पहाटे अभ्यंगस्नान, 22 ला पाडवा. 20 धरलं तर पुन्हा 21 मोकळा राहत होता, अगदी आदल्या वर्षीसारखा. मी गुरुजींना फोन केला.

ते म्हणाले, "तुमचं गणित बरोबर आहे. नियम अर्धा आहे." त्यांनी सांगितलं की निर्णयग्रंथांत अशा वर्षांसाठी आणखी वचनं आहेत. अमावास्या दुसऱ्या दिवशी किती प्रहर आहे, पुढची प्रतिपदा लहान आहे की मोठी, हेही पाहतात. पंचांगकर्ते ते सगळं तोलून तारीख देतात. मला त्यातलं अर्धंच कळलं आणि ते मी त्यांना सांगितलंही. ते म्हणाले, "सगळं कळायची गरज नाही. तुमचा हिशेब आणि पंचांग जुळलं नाही, तर थांबायचं. एवढं कळलं म्हणजे झालं."

मी संहितेतलं 20 खोडून 21 केलं. राज्याची सुट्टीही 21 लाच होती. या वेळी व्हिडिओत मी एक वाक्य जास्त सांगितलं: "उत्तर भारतात बऱ्याच ठिकाणी 20 ला पूजा आहे. महाराष्ट्रातल्या पंचांगांप्रमाणे आपल्याकडे 21 ला. तुमच्या घरी वेगळी परंपरा असेल तर घरच्या गुरुजींना विचारा." हे वाक्य नसतं तर दिल्लीकडच्या नातेवाइकांचा फोन आल्यावर माणसं गोंधळली असती.

म्हणून आता माझं गणित मी निर्णय देण्यासाठी करत नाही. ते चूक पकडण्यासाठी करते. तारीख छापील पंचांगाची. गणित जुळलं तर मन स्वस्थ होतं. जुळलं नाही तर गुरुजींना फोन जातो आणि उत्तर येईपर्यंत चित्रीकरण थांबतं.

काम करायची पद्धतही बदलली. पूजेच्या व्हिडिओत आता मी तारीख बोलतच नाही. मांडणी आणि नैवेद्य दर वर्षी तोच असतो, तो व्हिडिओ वेगळा राहतो. तारीख आणि वेळ सांगणारा दोन मिनिटांचा व्हिडिओ वेगळा करतो. त्यात पडद्यावर वर्ष, गाव आणि कुठलं पंचांग पाहिलं ते लिहिलेलं असतं. चुकलंच तर तेवढाच काढता येतो. व्हॉट्सॲपवर जाणाऱ्या तुकड्यावरही वर्ष मोठ्या अक्षरांत असतं, कारण मागच्या वर्षीचा तुकडा पुढच्या वर्षी फिरतो, हेही आम्ही पाहिलंय.

वहीत प्रत्येक सणाला एक पान आहे. तिथी कधी लागते, कधी संपते. सणाला ती दिवसाच्या कुठल्या भागात हवी. त्या दिवशी आमच्याकडे सूर्योदय, सूर्यास्त किंवा चंद्रोदय कधी. छापील पंचांगात काय आहे. आधीचा आणि नंतरचा सण कुठला. गौरीसारखा सण असेल तर तिथीच्या जागी नक्षत्र लिहिते, कारण गौरी अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठावर जेवतात आणि मूळ नक्षत्रावर जातात. शेवटच्या ओळीत गुरुजींशी बोलणं झाल्याचा दिवस. ती ओळ रिकामी असेल तर पुतण्या व्हिडिओ टाकत नाही. मी घाई केली तरी नाही.

2025 च्या दिवाळीत तारखेचा व्हिडिओ टाकण्याआधी मी वही घेऊन दुसऱ्या मजल्यावर गेले. आजींना म्हटलं, "यंदा मंगळवारी, 21 ला. पंचांगात पाहिलंय, गुरुजींनाही विचारलंय." त्यांनी भिंतीवरच्या पंचांगाकडे बोट दाखवलं. 21 च्या चौकोनाभोवती त्यांनी आधीच पेन्सिलीनं गोल केला होता. म्हणाल्या, "मीही बघितलं होतं. पण तू वर आलीस ते बरं केलंस." मग त्यांनी मुलाला फोन लावला आणि माझ्यासमोरच त्याला मंगळवारी यायला सांगितलं.